बरोबरच्या चिन्हाशी थांबून

वायद्याचा भाव किती असावा हे सांगणारी एक ओळ आहे. वित्तशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ती वेगवेगळ्या पोशाखांत भेटते, पण तिचं अंगचं रूप एवढंच आहे:

F = S + I + U

S म्हणजे आजचा हजर भाव. I म्हणजे आज माल घेऊन मुदतीपर्यंत पैसे अडकवल्याचं व्याज. U म्हणजे तोवर तो माल सांभाळायचा खर्च. आणि F म्हणजे आजच ठरलेला, पण माल काही महिन्यांनी हाती येणारा, असा वायद्याचा भाव. परीक्षेला बसणारा विद्यार्थी ही ओळ अर्ध्या मिनिटात पाठ करतो आणि पुढच्या पानावर जातो. मला मात्र या ओळीवर थांबावंसं वाटतं, कारण तिच्यातलं प्रत्येक अक्षर मालाला हात लावून तपासता येतं. ती वाचायला जालन्यासारखी जागा नाही. एमसीएक्सच्या कापूस वायद्याचं मूळ डिलिव्हरी केंद्र राजकोटला आहे, आणि जोडीला जी जादा केंद्रं नेमली आहेत त्यांत यवतमाळबरोबर जालन्याचं नाव आहे. म्हणजे मुंबईच्या पडद्यावर हलणाऱ्या आकड्याला जालन्याच्या गोदामातल्या गाठी थेट बांधलेल्या आहेत.

या ओळीत काय नाही, ते आधी पाहू. तिच्यात पुढचा पाऊस नाही, बोंडअळी नाही, चीनची खरेदी नाही. मोंढ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘तेजी का मंदी?’ हाच असतो, आणि वायदा म्हणजे पुढच्या भावाबद्दलचं सगळ्यांचं मिळून केलेलं भाकीत, अशी समजूत फार पक्की आहे. ओळीला तो प्रश्नच पडत नाही. मार्चमध्ये कापूस कुठे असेल हे तिला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. ती म्हणते, मार्चमध्ये हातात गाठ हवी असेल तर दोन वाटा आहेत: आज घेऊन ठेव, किंवा आज मार्चचा वायदा घे. दोन्ही वाटा एकाच गाठीपाशी पोचतात, म्हणून दोन्हींचा खर्च सारखा पडला पाहिजे. तेजीची बातमी आली तर ती आधी S मध्ये शिरते, कारण साठा करणारा आजच धावतो. F मग S च्या मागोमाग चढतो. भविष्याविषयीच्या कराराची किंमत केवळ आजच्या तीन आकड्यांतून बांधता येते, ही या ओळीतली सगळ्यात देखणी गोष्ट आहे असं मला वाटतं.

आता एकेक अक्षर घेऊ. पुढे जे रुपये येतील ते उदाहरणापुरते धरलेले आहेत. भाव रोज बदलतात, पण त्यांची एकमेकांशी असलेली नाती बदलत नाहीत.

पुस्तकात S हा दिलेला असतो. ‘हजर भाव अमुक आहे असं समजा.’ जालन्यात तो कुणी देत नाही, तो काढावा लागतो. शेतकरी कापूस आणतो त्याचा भाव क्विंटलला बोलला जातो. वायदा मात्र रुईच्या गाठींचा असतो आणि त्याचा भाव खंडीला बोलला जातो. खंडी म्हणजे 356 किलो रुई. मध्ये जिनिंग उभं आहे. समजा कापूस 7,400 रुपये क्विंटल पडला आणि जिनिंग-प्रेसिंगचा खर्च 250 रुपये. त्या शंभर किलोंतून साधारण 34 किलो रुई निघते, 63 किलो सरकी, आणि उरलेले तीनेक किलो घट. सरकी 3,650 रुपये क्विंटलने गेली तर 2,300 रुपये तिचे परत आले. म्हणजे 34 किलो रुई 5,350 रुपयांना पडली, किलोला 157 रुपयांच्या थोडी वर, आणि खंडीला 56,000 रुपये.

हा 56,000 म्हणजे आपला S. पण तो किती गोष्टींवर उभा आहे पाहा. रुईचा उतारा 34 ऐवजी 33 पडला, तर बाकी सगळं तसंच ठेवून खंडी जवळपास सतराशे रुपयांनी महागते. सरकी पडली तरी रुई महाग पडते, कापसाचा भाव न हलताही. म्हणून वायद्याचा भाव ‘चुकला’ असं वाटतं तेव्हा पहिली शंका S वर घ्यावी. दूरच्या शहरात बसून कुठल्या तरी संकेतस्थळावरचा हजर भाव घेऊन वजाबाकी करणाऱ्याला जो फरक दिसतो, तो बऱ्याचदा दोन वेगळ्या मालांतला फरक असतो. करारातला पायाभूत माल 29 मिलिमीटर धाग्याचा आहे. धाग्याची लांबी, मायक्रोनेअर, कचरा आणि ओलावा तपासला जातो, आणि हद्दीच्या आतल्या फरकाला कमी-जास्त दर लागतो. आपल्या फडीतला माल त्या मापात बसतो का, हे प्रयोगशाळेच्या कागदावर दिसेपर्यंत S हा शब्द उच्चारू नये, इतकं मी म्हणेन.

I हे अक्षर सोपं दिसतं. दरसाल दहा टक्के धरले तर 56,000 रुपयांचं तीन महिन्यांचं व्याज 1,400 रुपये. पुस्तकं इथे चक्रवाढ अखंड धरतात आणि ओळ वेगळी लिहितात:

F = S × e^((r + u − y) × T)

इथे r आणि u हे व्याजाचे आणि साठवणीचे दर, T ही मुदत, आणि y कडे पुढे येऊ. ही लेखनपद्धत गणिताला सोयीची आहे, पण तिला बिचकून ओळ सोडून देणारे वाचक मी पाहिले आहेत. आपल्याच आकड्यांवर ती चालवून पाहा. अखंड चक्रवाढीने व्याज 1,418 रुपयांच्या जवळ जातं. फरक अठरा रुपयांचा. एवढ्यासाठी कुणी अडू नये.

खरा प्रश्न दर कुणाचा धरायचा हा आहे. पुस्तक म्हणतं, जोखीममुक्त दर. सरकार ज्या दराने कर्ज घेतं त्या दराने जालन्याचा जिनिंगवाला कर्ज घेत नाही. बँक त्याला गाठींवर पैसे देताना वरचा काही हिस्सा हातचा राखून देते आणि दरही आपला लावते. ज्याची ठेव बँकेत सात टक्क्यांवर पडून आहे त्याचा I 980 रुपये होतो, आणि ज्याला बारा टक्क्यांनी पैसे उभे करावे लागतात त्याचा 1,680. तोच माल, तीच मुदत, तोच वायदा, पण योग्य भाव खंडीमागे 700 रुपयांनी वेगळा. म्हणून F हा एक टोकदार बिंदू नाही. बाजारात स्वस्तात स्वस्त पैसा ज्याच्याकडे आहे आणि गोदामही आहे, त्याचा हिशोब शेवटी भाव ठरवतो.

U वाचताना गोदामाचं दार उघडावं लागतं. भाडं आणि विमा मिळून गाठीला महिन्याला तीस-बत्तीस रुपये धरू. खंडीत 170 किलोच्या दोनाहून थोड्या जास्त गाठी बसतात, म्हणून तीन महिन्यांचे 200 रुपये. एक्स्चेंजने मान्य केलेल्या गोदामात माल आत घालताना हमाली, वजन, नमुना काढणं आणि तपासणी यांचे 150 धरू. इथपर्यंत सगळं पावतीवर दिसतं. पण एक खर्च पावतीवर येत नाही. डिसेंबर-जानेवारीत दाबलेली गाठ थंडीतला ओलावा घेऊन गोदामात जाते. मराठवाड्याचा मार्च-एप्रिल तो ओलावा काढून घेतो, आणि वजन उतरतं. अर्धा टक्का उतरलं तरी खंडीला 280 रुपये गेले. हिशोब सुटसुटीत राहावा म्हणून मी 250 धरतो. पत्र्याखालच्या गोदामात दुपारी उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा जास्त वाटणार नाही.

सगळं मिळवलं: 56,000 अधिक 1,400 अधिक 200 अधिक 150 अधिक 250, म्हणजे 58,000. जालन्यात आज घेतलेली खंडी तीन महिन्यांनी जालन्यातच 58,000 रुपयांना पडते.

पण वायद्याचा भाव राजकोटच्या गोदामातला म्हणून बोलला जातो. जालना ते राजकोट हे अंतर शेकडो किलोमीटरचं आहे. म्हणून जालन्यात माल देणाऱ्याच्या रकमेत एक्स्चेंज ठरवून दिलेला स्थानफरक वळता करतं. हा फरक करार सुरू होण्याआधी जाहीर होतो, तो वाचल्याशिवाय हिशोबाला बसूच नये. आपण जालन्याला 500 रुपये कमी मिळतात असं धरू. मग पडद्यावरच्या F शी ताडायचा आकडा 58,500 झाला. जालन्याच्या गाठींच्या भाषेत ओळ पूर्ण वाचून झाली.

आता पडद्यावर 59,500 दिसतात असं समजा.

इथे ओळीचं बरोबरचं चिन्ह जागं होतं. 59,500 आणि 58,500 यांत हजाराचं अंतर आहे. हे अंतर कुणाच्या मतातलं नाही, कारण ते मिळवायला कापूस चढेल की पडेल याबद्दल काहीच मत लागत नाही. जालन्यातला जिनिंगवाला तीन गोष्टी एकाच सकाळी करतो. बँकेतून पैसे उचलतो. 48 खंडी, म्हणजे शंभरेक गाठी, एक्स्चेंजच्या गोदामात जमा करण्याजोग्या दर्जाच्या बाजूला काढतो. आणि 59,500 ला एक लॉट विकतो. एमसीएक्सने फेब्रुवारी 2023 मध्ये हा करार नव्या रूपात आणला तेव्हापासून भाव गाठीऐवजी खंडीला बोलला जातो आणि लॉट 48 खंडींचा आहे. मग तो थांबतो. यालाच इंग्रजी पुस्तकांत कॅश अँड कॅरी म्हणतात, आणि जालन्याच्या बाजारात त्याला नाव देण्याची कुणाला गरज वाटत नाही, कारण माल घेऊन पुढचा सौदा आजच करून टाकणं हा इथला जुना धंदा आहे.

तीन महिन्यांनी काय होतं ते दोन टोकांवर पाहू. कापूस कोसळला आणि शेवटचा सेटलमेंट भाव 52,000 ठरला. गाठी जालन्यात दिल्या, स्थानफरक वजा जाऊन 51,500 मिळाले. वायदा 59,500 ला विकला होता, त्यावर 7,500 चा नफा आधीच खात्यात आलेला आहे. एकूण 59,000. आता उलट धरू. कापूस 66,000 वर गेला. गाठींचे 65,500 आले, वायद्यावर 6,500 गेले. एकूण पुन्हा 59,000. मधला कुठलाही भाव घेतला तरी उत्तर बदलत नाही. गाठीवर जे कमावलं ते वायद्याने नेलं, गाठीवर जे गमावलं ते वायद्याने दिलं. त्याच्या हाती फक्त ते मूळचं अंतर उरलं.

पूर्ण हजार मात्र उरत नाहीत, आणि रसिक वाचकाने इथे आकड्यांवरून हात फिरवावा. वायदा विकताना मार्जिन भरावं लागतं. दहा टक्के धरलं तर खंडीला जवळपास 6,000, त्याचं तीन महिन्यांचं व्याज 150. गाठी विकत घेतल्या तर त्यावर 5 टक्के जीएसटी आजच जातो, 2,800 रुपये. माल देताना तो खरेदीदाराकडून वसूल होतो, पण तोवर तीन महिने अडकलेल्या पैशाचं व्याज 70. दलाली आणि एक्स्चेंजचे आकार 80. असे 300 गेले आणि खंडीमागे 700 राहिले. लॉटला 33,600 रुपये. यासाठी जवळपास 27 लाखांचा माल तीन महिने धरून बसावं लागतं. दहा टक्के व्याज आधीच मोजलेलं आहे, तेव्हा हा फायदा त्याच्यावरचा, वर्षाच्या हिशोबाने पाच टक्क्यांचा. डोळे दिपवणारा आकडा हा नाही. पण पाच टक्के सुटत असतील तर दुसरा जिनिंगवालाही हेच करेल, तिसराही करेल. सगळे वायदा विकतील म्हणून F खाली सरकेल, सगळे गाठी उचलतील म्हणून S वर सरकेल. बरोबरचं चिन्ह कुणी कायद्याने लादलेलं नाही. तीनशे किंवा सातशे रुपयांसाठी गाठी बाजूला काढून ठेवणारी माणसं ते ओढून धरतात.

हा धंदा कुठे मोडतो हे मला ओळीइतकंच महत्त्वाचं वाटतं. वायद्याचा हिशोब रोज संध्याकाळी होतो आणि गाठींचा हिशोब शेवटी एकदा. कापूस 66,000 वर गेला त्या उदाहरणात शेवट गोड आहे, पण वाटेत त्या माणसाला लॉटमागे 3,12,000 रुपये रोख भरावे लागले. त्याच वेळी गोदामातल्या गाठी तेवढ्याच महाग झालेल्या असतात, पण गाठीची कडा तोडून मार्जिन भरता येत नाही. 2021-22 चा हंगाम आठवा. सुरुवातीला साठ हजारांच्या आसपास असलेली खंडी मे 2022 मध्ये लाखाच्या वर गेली. अशा वर्षात ज्याने बिनचूक आर्बिट्राज लावला पण रोकड मोजूनमापून ठेवली, त्याला मधेच सौदा तोटा खाऊन कापावा लागतो. कापला की त्याच्याकडे उरतात नुसत्या गाठी, म्हणजे नुसती तेजी-मंदी, जी त्याला मुळात नको होती. म्हणून हिशोबात आणखी एक रकाना लागतो: भाव निम्म्याने चढला तर रोज भरायला रक्कम कुठून येईल. बँकेने ती आधी मंजूर केलेली नसेल तर 700 रुपयांच्या नादाला लागू नये. ओळीत हे अक्षर नाही. ती दोन टोकांच्या तारखा पाहते, मधले दिवस पाहत नाही. तिची मर्यादा एवढीच आहे, पण ती जीवघेणी आहे.

दुसरी फसगत पडद्यावरच होते. 59,500 हा शेवटच्या सौद्याचा भाव असू शकतो, दोन तासांपूर्वी झालेल्या एकाच लॉटचा. विकणाऱ्याला उपयोगाचा आकडा एकच, तो म्हणजे या क्षणी खरेदीदार उभा आहे तो भाव, आणि तो किती लॉटसाठी उभा आहे ते. कापसाच्या वायद्यात उलाढाल विरळ असली की खरेदीदार 59,000 ला एका लॉटसाठी आणि त्याखालचा 58,700 ला दोन लॉटसाठी दिसतो. दहा लॉट विकायला गेलात तर तुमच्याच विक्रीने अंतर संपतं. भाव चुकलेला होता हे खरं, पण तो एका लॉटपुरताच चुकलेला होता.

आता त्या चिन्हाकडे पुन्हा पाहू, कारण आतापर्यंत आपण एकाच बाजूने आलो. F जास्त असला की त्याला खाली ओढायला पैसा आणि गोदाम पुरतं. आणि या दोन गोष्टी कुणालाही मिळवता येतात. F कमी असला तर? हजर 56,000 आणि तीन महिन्यांचा वायदा 54,000. पुस्तक म्हणतं, उलट करा: माल उसना घ्या, आज विका, आलेले पैसे व्याजी लावा आणि वायदा घेऊन ठेवा. सोन्यात हे जमतं, कारण सोनं उसनं देणारे लोक आहेत आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सोनं जगभर आहे. शेअरमध्येही जमतं. पण जालन्यात शंभर गाठी तीन महिन्यांसाठी उसन्या कोण देणार? ज्या सूतगिरणीकडे जूनमध्ये गाठी आहेत ती त्यांवर चात्या फिरवते आहे. गाठी दिल्या तर चात्या थांबतात.

म्हणून शेतमालासाठी ही ओळ खरी अशी वाचायला हवी:

F ≤ S + I + U

वरची हद्द भिंतीसारखी पक्की, खालची बाजू मोकळी. माझ्या मते या ओळीचं सगळं सौंदर्य इथे एकवटलं आहे, आणि बहुतेक पुस्तकं ते चिन्ह तळटीपेत ढकलतात. खालच्या मोकळ्या जागेला अर्थशास्त्राने y हे अक्षर दिलं, माल हाताशी असण्याची सोय. निकोलस कॅल्डॉरने 1939 मध्ये ही कल्पना मांडली. होलब्रुक वर्किंगने अमेरिकेतल्या गव्हाच्या भावांचा अभ्यास करून 1949 मध्ये दाखवलं की साठवणीची बाजारातली किंमत उणेसुद्धा असते, आणि तरीही लोक साठा ठेवतात, कारण साठा संपला तर गिरणी बंद पडते. गहू असो की कापूस, साठा भरपूर असला की y जवळजवळ शून्यावर असतो आणि वायदा आपल्या वरच्या हद्दीला टेकून चालतो. साठा आटत गेला की y वाढतो आणि वायदा हजराच्या खाली जातो.

जालन्यात हे पंचांगासारखं वाचता येतं. दसरा-दिवाळीपासून कापूस येऊ लागतो, डिसेंबर-जानेवारीत जिनिंगच्या आवारात जागा उरत नाही. त्या दिवसांत पुढच्या महिन्यांचे वायदे पायरीपायरीने वर दिसतात, आणि ती पायरी व्याज आणि भाडं यांच्या जवळपास भरते. जुलै-ऑगस्टमध्ये चित्र उलटतं. तेव्हा जुन्या हंगामाच्या गाठी मोजक्या हातांत असतात आणि नोव्हेंबरचा वायदा नव्या पिकाचा असतो. सप्टेंबर महाग आणि नोव्हेंबर स्वस्त दिसला म्हणून नवखा माणूस दचकतो, ‘भाव चुकला’ म्हणतो. चुकलेलं काही नसतं. आज महाग गाठ घेऊन नव्या पिकाच्या आवकेत नेऊन विकायचा वेडेपणा कुणी करणार नाही, एवढंच बाजार सांगत असतो. सुगी ओलांडताना साठवणीची बेरीज थांबते. वायद्याचा भाव खरोखर चुकला की नाही हे ओळखायची माझ्या पाहण्यातली सगळ्यात सोपी खूण हीच: F वरच्या हद्दीच्या वर गेला तर हिशोब मांडा, खाली गेला तर आधी गोदामं किती भरलेली आहेत ते विचारा.

कापूस महामंडळाचाही इथे विचार लागतो. हमीभावाच्या वर्षी सीसीआय मोठा साठा घेऊन बसतं आणि तो आपल्या लिलावाच्या दराने सोडतं. तेव्हा गाठी देशात भरपूर असूनही बाजाराच्या हाताबाहेर असतात. साठा आहे आणि तरी y मोठा आहे, असा पेच त्यातून पडतो, आणि तो सोडवायला महामंडळाचा विक्रीचा दर रोज पाहण्याला पर्याय नाही.

जालन्याच्या शेतात कापसाबरोबर सोयाबीन आणि हरभराही पिकतो, पण त्यांच्या वायद्यांवर ही ओळ वाचायची संधी सेबीने 2021 मध्ये ते थांबवले तेव्हा गेली. मुंबईला मात्र ही ओळ दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. 1875 साली स्थापन झालेल्या बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनच्या काळापासून तिथे कापसाचे संघटित वायदे होत, आणि हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकाचं नाव त्याच व्यापाराची आठवण आहे.

खालची बाजू मोकळी आहे म्हटलं, पण ती अगदीच बेवारस नाही. तिथेही एक माणूस उभा आहे, ज्याच्या गोदामात स्वतःच्या गाठी आहेत आणि ज्याला त्या तीन महिन्यांनीच लागणार आहेत. त्याला उसनं घ्यायची गरज नाही, तो स्वतःकडूनच उसनं घेतो. समजा हजर 56,000 आणि वायदा 54,000. तो आपल्या गाठी आज विकतो. 1,400 रुपये व्याज वाचतं. माल पुढे ठेवला असता तर भाडं आणि घट मिळून 450 गेले असते, तेही वाचतात. 54,000 ला वायदा घेऊन ठेवला की 2,000 वरचे. मार्जिनचं व्याज आणि दलाली वजा केली तरी खंडीला साडेतीन हजारांच्या वर सुटताना दिसतात, वरच्या उदाहरणाच्या पाचपट.

हा सौदा इतका गोड का दिसतो, हे विचारलं की कराराचं आणखी एक कलम समोर येतं. माल कुठे द्यायचा ते विकणारा ठरवतो. आपल्या माणसाने वायदा घेतला आहे, तेव्हा त्याला मिळणाऱ्या गाठी जालन्यात असतील, राजकोटला असतील किंवा आदिलाबादला असतील. धाग्याची लांबी आणि कचरा करारात बसणारा असेल, पण ज्याला जे देणं सगळ्यात स्वस्त पडतं तेच तो देईल. राजकोटच्या गाठी जालन्याला आणायचं भाडं खंडीला हजार-बाराशे धरा, आणि दर्जा आपल्या गिरणीच्या मिश्रणाला न जुळल्याचे आणखी काही. म्हणून जाणता माणूस डिलिव्हरीपर्यंत जात नाही. मुदत जवळ आली की वायदा कापतो आणि गाठी जालन्याच्याच बाजारातून उचलतो. त्या दिवशी जालन्याचा हजर भाव आणि राजकोटचा वायदा यांत किती अंतर असेल, हे मात्र आज कुठल्याच बेरजेतून काढता येत नाही. साडेतीन हजारांतला मोठा वाटा त्या न कळणाऱ्या अंतराची किंमत असतो, आणि ती चुकवायची ज्याची तयारी नाही तो आपल्या गाठी धरून बसतो. वायदा मग 54,000 वरच राहतो.